आधी कर्ज, मग वाटणी

जालन्यातले आमचे मामू गेले, तेव्हा त्यांच्या एकट्याच्या नावावरच्या फ्लॅटची किंमत होती २४ लाख आणि गृहकर्जाची बाकी ९ लाख. मामी आधीच गेलेल्या. वारस एक मुलगा, एक मुलगी. कर्जाचा विमा आहे, आता बाकी माफ होईल, असं सगळे धरून चालले होते.

पॉलिसीचं प्रमाणपत्र काढलं. विमाधारक म्हणून नाव मुलाचं! मामूंचं वय जास्त होतं, म्हणून पगारदार मुलाला सहकर्जदार केलं आणि विमाही त्याच्याच जिवाचा उतरवला. मामूंच्या मृत्यूवर एक पैसाही मिळणार नव्हता. कर्ज घेताना हे प्रमाणपत्र कुणीच वाचलं नव्हतं.

सहकर्जदार म्हणजे मालक नव्हे. पण बँकेसाठी तो पूर्ण कर्जाचा देणेकरी असतो, वारसासारखा फक्त मिळालेल्या मालमत्तेपुरता नाही. हप्ते मुलाच्याच खात्यातून कापले जाऊ लागले. मग काही नातेवाईक म्हणाले, "फ्लॅटचे दोनास एक हिस्से करा, कर्ज त्याचं तो बघेल." म्हणजे बहिणीला ८ लाख आणि भावाला १६ मधून ९ वजा जाऊन ७!

हे मला पटत नाही. आपल्या वारसा कायद्यात दफनाचा खर्च आणि कर्ज आधी, वाटणी नंतर. २४ मधून ९ गेले, उरले १५. भावाला १०, बहिणीला ५. बहिणीला मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. ती म्हणाली, "भाईजान, हे आधी का नाही सांगितलं?"