परदेशी ग्राहकाने आयएसओ प्रमाणपत्र मागितलं? आधी 'स्कोप' आणि तारखा वाचा

तुरीच्या बाजारपेठेमुळे दुधनीचं नाव सोलापूर जिल्ह्याबाहेरही घेतलं जातं. समजा, इथल्या एका डाळ मिलला दुबईच्या खरेदीदाराचा मेल आला : 'एक किलोच्या पाकिटात तूरडाळ हवी, आयएसओ 22000 चं प्रमाणपत्र पाठवा.' मालक भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो काढून पाठवतो आणि ऑर्डर अडकते. नेमकं कुठे चुकलं?

स्कोप म्हणजे काय?

प्रमाणपत्र कंपनीच्या सगळ्या कामांना मिळत नाही. ज्या कामाचं आणि ज्या पत्त्यावर ऑडिट झालं, तेवढ्यालाच ते लागू असतं. या मिलच्या स्कोपमध्ये 'तुरीची स्वच्छता, भरडणी व 50 किलोच्या पोत्यांत पॅकिंग' असं लिहिलं होतं आणि पत्ता दुधनीचा होता. पाकिटं मात्र सोलापूरच्या गोदामात भरली जाणार होती. म्हणजे ते काम आणि ती जागा, दोन्ही प्रमाणपत्राबाहेर. यावर उपाय म्हणजे प्रमाणन संस्थेकडे स्कोप वाढवण्याचा अर्ज करणे. त्यासाठीची तपासणी पुढच्या वार्षिक ऑडिटसोबतही होऊ शकते.

तारखा कशा वाचायच्या?

प्रमाणपत्राचं चक्र साधारण तीन वर्षांचं असतं. या मिलच्या कागदावर तीन तारखा होत्या : पहिलं प्रमाणन 14 मार्च 2021, सध्याचं चक्र सुरू 2 मे 2024, मुदत 13 मार्च 2027 पर्यंत. पहिली मुदत 13 मार्च 2024 ला संपली, पण नूतनीकरणाचा निर्णय 2 मे रोजी झाला. मधले 49 दिवस मिलकडे वैध प्रमाणपत्र नव्हतं. मुदत संपल्यावर सहा महिन्यांत राहिलेली कामं पूर्ण केली तर प्रमाणपत्र पुन्हा सुरू करता येतं, पण नवी तारीख मागे ओढता येत नाही. शेवटची तारीखही जुन्या चक्रावरूनच मोजतात.

मुदत बाकी आहे, मग पुरेसं नाही का?

नाही. मध्ये दरवर्षी देखरेख ऑडिट होतं. ते टाळलं तर प्रमाणपत्र निलंबित होऊ शकतं, पण भिंतीवरच्या कागदावर तीच तारीख राहते. त्यामुळे जाणकार खरेदीदार प्रमाणपत्र क्रमांक घेऊन iafcertsearch.org वर किंवा थेट प्रमाणन संस्थेकडे सद्यस्थिती तपासतो. आयएसओ स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबीसारख्या मंडळाची मान्यता आहे का, हेही तो पाहतो.

मेलला उत्तर काय द्यावं?

फोटोऐवजी सगळ्या पानांची पीडीएफ द्या, कारण इतर पत्ते अनेकदा जोडपत्रात असतात. पाकिटांचं काम स्कोपमध्ये नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि अर्ज केला असल्यास तेही कळवा. हे प्रमाणपत्र व्यवस्थेचं आहे, डाळीचं नाही. त्यामुळे पाकिटावर 'आयएसओ प्रमाणित डाळ' छापू नका, आणि खरेदीदाराने मालाचा लॅब रिपोर्ट मागितला तर तो वेगळा द्यावा लागेल.