आधी तरंगणे, मग पोहणे

शेततळ्यात एक मूल घसरते, त्याला काढायला दुसरे उतरते आणि दोघेही बुडतात. अशी बातमी आली की शाळांत पोहणे शिकवण्याची मागणी होते. पण हातपाय मारण्यापासून सुरुवात करणे चुकीचे ठरेल. तळ्यातला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही उतार चढून वर येणे कठीण जाते. मदत येईपर्यंत नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवणे, एवढेच हाती उरते.

त्यासाठी उताणे व्हायचे, कान पाण्यात बुडू द्यायचे, हनुवटी वर करून छातीत हवा भरायची. भरलेल्या छातीमुळे बहुतेकांचे शरीर पाण्याहून किंचित हलके होते. घाबरलेले मूल मात्र हात वर करते आणि त्या हातांच्या वजनाने त्याचे डोके खाली जाते.

काठावरच्याने पाण्यात उतरायचे नाही. ओरडून मोठ्यांना बोलवायचे, पालथे झोपून बांबू किंवा ओढणी पुढे करायची. उभ्याने ओढले तर तोच आत खेचला जातो. याचा सराव शाळेच्या मैदानावर, पाण्याविनाही होतो. तरंगण्याला मात्र कमरेएवढे पाणी आणि शेजारी उभा शिक्षक लागतोच. बांगलादेशातील ‘स्विमसेफ’ उपक्रमात पोहण्याइतकेच तरंगणे आणि काठावरून सुटका करणे शिकवले जाते. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी यातले काहीच पुरेसे नाही. तिथे तळ्याला कुंपणच हवे.