खरेदीखत, खतावणी आणि मृत्युपत्र

घाटकोपरच्या शिवेला लागून असलेल्या विक्रोळी गावच्या जमिनीचा कायमचा पट्टा ७ जुलै १८३५ रोजी फ्रामजी कावसजी बनाजी या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यास मिळाला, आणि ती जमीन ३० जुलै १९४८ रोजी गोदरेज कंपनीने नोंदणीकृत खरेदीखताने घेतली. पुढे साष्टीतील अशा इस्टेटींची सारामाफी रद्द करणारा १९५१ चा कायदा आला, तेव्हा पडीक जमीन सरकारजमा झाली की नाही हा वाद उच्च न्यायालयात गेला व १९६२ साली संमतीच्या हुकूमनाम्याने मिटला. शंभराहून अधिक वर्षांनीही हक्काचे मूळ शोधताना त्या जुन्या दस्तापर्यंतच जावे लागले. मात्र १८३५ साली फ्रामजीशेट सुबत्तेत होते की ओढाताणीत, हे त्या दस्तावरून कळत नाही. दस्त हक्क सांगतो. त्या हक्कापोटी वसूल किती आला, थकला किती, आणि त्यावर कोणा सावकाराचा बोजा होता काय, हे इतर कागदांना विचारावे लागते.

आपल्या उपनगरातील एखाद्या जुन्या पेढीच्या मालकाची स्थिती जाणून घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम दुय्यम निबंधकाच्या कचेरीची वाट धरावी. घाटकोपर १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात असल्याने त्यापूर्वीचा शोध ठाण्याच्या दप्तरापासून सुरू होतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. स्थावराचे दस्त पहिल्या पुस्तकात नकलून ठेवलेले असतात आणि ते कोणासही फी भरून पाहता येते. नावावरून शोध घ्यावयाचा तर पहिली सूची, मिळकतीवरून घ्यावयाचा तर दुसरी, जिला आपण सारे ‘इंडेक्स टू’ म्हणतो.

तेथे एका शेटजींच्या नावावर ओळीने खरेदीखते सापडली, की संशोधक त्यांना जमीनदार ठरवून मोकळा होतो. येथेच जपले पाहिजे. जुन्या व्यवहारात पुष्कळदा कर्जच विक्रीचा वेष घेऊन येई: खरेदीखत बिनशर्त, आणि मुदतीत रक्कम फेडल्यास मिळकत परत देण्याचा करार निराळ्या कागदावर. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १९२९ च्या दुरुस्तीने परतफेडीची अट त्याच दस्तात असल्याखेरीज त्यास गहाण मानू नये असे ठरले. परंतु त्याआधीच्या दस्तांचे खरे स्वरूप नुसत्या वाचनाने उमगत नाही. समजा, पाच हजार रुपयांस घर विकले, विकणारा त्याच दिवशी भाडेचिठ्ठी लिहून त्याच घरात राहिला, आणि भाडे ठरले दरमहा साडेसदतीस रुपये. हिशेब केला तर ही रक्कम दरमहा दरशेकडा बारा आणे, म्हणजे सालाचे नऊ टक्के होते. शेजारची तशीच घरे आठ हजारांस जात असतील तर संशयास फारशी जागा उरत नाही.

उरलासुरला संशय वही फेडते. रोजमेळात त्या दिवशी पाच हजार गेलेले दिसतील, त्यात विशेष काही नाही. ती रक्कम खतावणीत कोठे उतरली हे पाहावे. खरी खरेदी असेल तर ती मिळकत खाती पडेल. विकणाऱ्याच्याच नावावर नामे पडली असेल आणि साडेसदतीस रुपये भाडे खाती न जाता व्याज खाती जमा होत असतील, तर शेटजी घराचे मालक नसून सावकार आहेत. सरकारात दाखवावयाचा कागद एक आणि स्वतःला फसवू न देण्यासाठी ठेवलेला दुसरा, असा हा प्रकार आहे. माणूस पेढीवरच्या वहीत सहसा स्वतःशी खोटे बोलत नाही. (प्राप्तिकराचा अंमल बसल्यावर दोन वह्या ठेवण्याची कला वाढीस लागली, तेव्हा हे वाक्य जरा सांभाळून घ्यावे.)

मृत्युपत्राची गोष्ट निराळी. त्यात इच्छा असते, आणि इच्छेस हिशेबाचे बंधन नसते: दहा हजार धर्मादाय लिहून ठेवणाऱ्याच्या मागे देणेकरी भागवल्यावर दोन हजारही उरत नाहीत, असे घडू शकते. म्हणून प्रोबेट झाले असेल तर मृत्युपत्रापेक्षा त्यामागून आलेली कागदपत्रे अधिक बोलकी ठरतात, कारण व्यवस्थापकास सहा महिन्यांत मालमत्ता, येणे व देणे यांची यादी आणि एका वर्षात हिशेब कोर्टात दाखल करावा लागतो. या यादीतील येण्याची रक्कम खतावणीशी ताडून पाहावी. बुडीत खाती तेथे कधी पूर्ण किमतीने उभी असतात, कधी गाळलेली असतात.

शिवाय मृत्युपत्रात राहत्या घराचा उल्लेख नाही एवढ्यावरून मयतास घर नव्हते असे मानू नये. मिताक्षरेप्रमाणे एकत्र कुटुंबातील अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे. ती मुभा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आली. त्यापूर्वी निवर्तलेल्या शेटजींची पेढी, वाडा आणि वडिलोपार्जित जमीन मृत्युपत्राबाहेर राहून मुलांकडे आपोआप गेलेली असे, आणि कागदावर उरे ती केवळ स्वकष्टार्जित मिळकत; ती चारदोन ओळींत आटोपली म्हणून माणूस निर्धन ठरत नाही, आणि तिचीच पाने भरली तर तो पेढीपासून विभक्त झाला होता काय, हे वाटणीपत्र शोधून पाहावे लागते.

— दप्तरी