१-१-१

मागच्या महिन्यात माझी दाढ सुजली. दंतवैद्यांनी अमॉक्सिसिलिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या ५ दिवसांसाठी दिल्या. चिठ्ठीवर नेहमीची खूण होती, १-१-१. मी ती आपल्या सगळ्यांसारखीच वाचली: नाश्त्यानंतर एक, जेवणानंतर एक, रात्रीच्या जेवणानंतर एक. म्हणजे सकाळी ९, दुपारी १ आणि रात्री ९.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले आणि दुपारची गोळी राहिली. रात्री आठवण झाली तेव्हा मी दोन गोळ्या एकदम घेतल्या. वाटलं, हिशेब चुकता झाला. पहाटे पोटाने चांगलाच हिशेब मागितला, तीन वेळा उठावं लागलं.

सकाळी भाचीला फोन केला. ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ती म्हणाली, "मामा, दोन गोळ्या घेतल्या तर औषध किती वेळ पुरेल असं वाटलं तुम्हाला?" मी म्हटलं, "दुप्पट वेळ." आणि इथेच माझी, म्हणजे आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाची, चूक होती.

माझ्या डोक्यात समई होती. दुप्पट तेल घातलं की दुप्पट वेळ जळते. गोळीचं तसं नसतं. मूत्रपिंडं नीट काम करत असतील तर अमॉक्सिसिलिन रक्तातून साधारण तासाला निम्मं होतं. सोपं करून मांडू या. एका गोळीचे १०० भाग धरले तर तासाने ५०, मग २५, मग साडेबारा. आता दोन गोळ्यांचे २०० भाग धरा. तासाने किती राहिले? १००. म्हणजे तासाभरात आपण एका गोळीच्याच पायरीवर आलो, पुढे तोच जिना. दुसऱ्या गोळीने मिळाला तो जेमतेम एक तास!

शिवाय हे औषध एकदम जास्त झाल्याने जंतू जास्त मरतात असं नाही. रक्तातलं प्रमाण एका ठरावीक पातळीच्या वर दिवसातून किती तास राहतं, यावर त्याचं काम अवलंबून असतं. सकाळी ९ ते रात्री ९ जे खिंडार पडलं, ते पडून गेलं होतं. रात्रीच्या जादा गोळीने ते बुजणार नव्हतं, फक्त पोट बिघडणार होतं.

मग विसरल्यावर करायचं काय? भाचीने सांगितलेलं सांगतो. आठवल्याबरोबर एक गोळी घ्यावी, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. दिवसातून तीनदा असेल तर दोन गोळ्यांत किमान ४ तास अंतर राहावं. समजा वेळा सकाळी ६, दुपारी २, रात्री १० आहेत. दुपारची गोळी साडेपाचला आठवली, तर घ्या, दहाची दहालाच घ्या. साडेआठला आठवली, तर सोडा आणि दहाला एकच घ्या. दिवसातून दोनदा, ८ आणि ८ असेल, तर साधारण दुपारी दोनपर्यंत सकाळची घेता येते, त्यानंतर नाही. एक गोळी उरली तर तिचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारावं, पुढच्या तापासाठी डब्यात ठेवू नये. लागोपाठ दोन-तीन राहिल्या, औषध लहान मुलाचं किंवा क्षयाचं असलं, मूत्रपिंडाचा त्रास असला, तर स्वतःचं डोकं न चालवता फोनच करावा.

पण मला खरी बोचणी लागली ती वेगळ्याच गोष्टीची. मी गोळी विसरलो नसतो तरी माझं चुकतच होतं. ९, १ आणि ९ यांत अंतरं किती? ४ तास, ८ तास आणि १२ तास. चोवीसाला तिनाने भागलं तर ८ येतात, हे मी तिसरीच्या मुलांना शिकवलं आणि स्वतःच्या गोळ्यांना लावलं नाही. कारण चिठ्ठीवरच्या त्या तीन एकांमध्ये घड्याळच नव्हतं. आपण त्यात आपल्या पंगती बसवल्या. अगदी मिनिटाला मिनिट जुळायला हवं असं नाही, रात्री गजर लावून उठायचंही कारण नाही. ७, ३ आणि १०-११ असं केलं तरी चालतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. डॉक्टरांनी १-१-१ जरूर लिहावं, पण जंतूंवरच्या औषधापुढे तासही लिहावेत. त्यांनी लिहिले नाहीत तर आपण तिथेच विचारून पाकिटावर पेनने लिहून घ्यावेत. असो. दाढ आता बरी आहे. उरलेल्या दिवसांत दुपारी दोनला हिने तांब्या-भांडं पुढे ठेवलं की मी गोळी घेत होतो, एकच.