उन्हाने भाजलेला चेहरा आणि लिंबाची फोड

१४ एप्रिलची मिरवणूक भर उन्हात निघते. दुसऱ्या दिवशी वस्तीत नाका-गालावर हात ठेवून बसलेल्या मुली आणि पोरे दिसतात. "आपण सावळे, आपल्याला ऊन काय करणार?" असे म्हणणारेही त्यांच्यात असतात. सावळी त्वचाही भाजते. गोऱ्या माणसाचा चेहरा लाल होतो म्हणून लगेच कळते, आपल्याकडे ती लाली दिसत नाही. म्हणून हाताने ओळखावे. गाल गरम लागतो, ताणल्यासारखा वाटतो, पदर घासला तरी झोंबतो. हे उन्हातून परतल्यावर काही तासांनी सुरू होते आणि साधारण एका दिवसाने सर्वात जास्त होते. संध्याकाळी थोडेच होते, सकाळी वाढले, म्हणून घाबरू नका.

आमचे स्पष्ट मत आहे की उन्हाचा भाजलेपणा बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआप बरा होतो. महिनोन्‌महिने राहणारा डाग पुष्कळदा आपण घाईने जे लावतो त्याचा असतो. ही घाई कशाची असते? दुखण्याची कमी, "तोंड काळे पडले" याची जास्त.

आमच्याकडे आलेली एक मुलगी घ्या. वय वीसच्या आसपास. दुपारभर मिरवणुकीत होती. रात्री चेहरा जळजळला म्हणून तिने टूथपेस्ट लावली. त्यातल्या पेपरमिंटने गार वाटते, पण भाजलेल्या कातडीला ते बोचते, आणि पेस्ट वाळून ताणही बसतो. सकाळी शेजारणीच्या सांगण्यावरून लिंबाची फोड गालावर चोळली आणि तशीच कामावर निघाली. लिंबाच्या रसात असे द्रव्य असते की ते अंगावर असताना ऊन लागले तर कातडी पुन्हा भाजते. दोन दिवसांनी रस ओघळला त्या रेषेत फोड आले आणि मग काळे पट्टे उठले. तिसरी पाळी मेडिकलमधल्या 'गोरे होण्याच्या' ट्यूबची. तेवढ्यात ती आमच्याकडे आली, ट्यूब हातात होती. बारीक अक्षरात मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी नावे होती. मोमेटासोन हे स्टिरॉइड. बेटामेथासोन, क्लोबेटासोल ही त्याचीच भावंडे. अशी ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसते, तरी मिळते. चार दिवस चेहरा उजळ वाटतो, मग महिन्याभरात कातडी पातळ होते, पुरळ आणि बारीक केस येतात, आणि ट्यूब सोडली की आग होते. ट्रेटिनॉइन तर भाजलेल्या कातडीला आणखी सोलते. ती ट्यूब आम्ही परत करायला लावली.

मग करायचे काय? पहिल्या दिवशी फक्त गारवा द्यावा. जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा स्वच्छ धुऊन माठाच्या पाण्यात भिजवावा, पिळून १० ते १५ मिनिटे चेहऱ्यावर ठेवावा. दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ थेट चोळू नये, त्याने कातडीला वेगळीच इजा होते. साबण, फेसवॉश, बेसन, हळद, ब्लीच सगळे बंद. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चेहरा गरम असताना लावू नये, उष्णता आत कोंडते. गरमी उतरल्यावर, सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर ओलसर चेहऱ्यावर हलक्या हाताने लावावे. दुखत असेल तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी, परत लागल्यास सहा तासांनी. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पाणी, ताक भरपूर प्यावे.

तिसऱ्या दिवसापासून कातडी सुटू लागते. ती ओढू नका, फोड फोडू नका. खालची नवी कातडी कोवळी असते, ती निघाली की पुन्हा भाजते आणि डाग तिथेच बसतो. आठवडाभर चेहरा ओढणीने किंवा टोपीने झाकावा. त्या मुलीचा भाजलेपणा आठ दिवसांत गेला, लिंबाचे पट्टे फिके व्हायला मात्र पावसाळा उलटला.

काही वेळा घरी थांबू नये. डोळे सुजून मिटले, उजेड सहन होत नाही, मोठे फोड आले, पिवळा पू दिसला, ताप, उलटी किंवा बडबड सुरू झाली, किंवा भाजलेले मूल वर्षाच्या आतले असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि थोड्या उन्हातही दर वेळी दोन्ही गालांवर तसेच चट्टे येत असतील, सोबत सांधे दुखत असतील, तर ते नुसते ऊन नसावे. अशा वेळी रक्ताची तपासणी करून घ्यावी. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटेही डॉक्टरांना दाखवा, डॉक्सीसायक्लिनसारख्या काही गोळ्यांनी ऊन लवकर बाधते.