बाहुलीचं कोपर आधी जमवा

इथल्या मराठी शाळेतल्या मुलांसाठी छोटा व्हिडिओ करताना माझ्या बाहुलीचा हात कोपरात तुटायचा. दोष मी ओपनटून्झ या मोफत सॉफ्टवेअरला दिला. चूक चित्रात होती. दंड आणि पुढचा हात मी सरळ कापले होते. जोडाची दोन्ही टोकं सारख्याच मापाची गोल काढावीत आणि एकमेकांवर चढवावीत. मग ॲनिमेट टूलने पुढच्या हाताचा केंद्रबिंदू त्या गोलाच्या मध्यावर आणावा, स्कीमॅटिकमध्ये तो दंडाला जोडावा आणि 90 अंश वाकवून पाहावा. फट दिसली, तर केंद्र सरकलंय. बाह्यरेषा मात्र काढू नये. सांध्यावर ती आडवी दिसते. माझं मत विचाराल तर एक कोपर जमेपर्यंत नवशिक्याने चालणं-बोलणं करायला घेऊच नये.