झुळकीला भ्यालेला पहिलवान

‘आमची चिमणी चक्रीवादळालाही भीक घालत नाही,’ असं कुणी छाती फुगवून सांगितलं की मला हसू आवरत नाही. चेन्नईला भारतीय मानकाने नेमून दिलेला मूळ वारा सेकंदाला 50 मीटर, म्हणजे ताशी 180 किलोमीटर. तेवढा सोसला की सल्लागारमहाशय कृतकृत्य! पण चिमणीला खरा धोका कुठल्या वाऱ्याचा, हे कधी विचारलंत?

समजा, पेरुंगुडीतल्या एखाद्या आयटी इमारतीच्या जनरेटरला पोलादी, गोल धुराडं बसवलंय. उंची 30 मीटर, व्यास 1 मीटर, अस्तर वगैरे काही नाही. वारा अशा नळकांड्याला वळसा घालतो तेव्हा मागे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरे सुटतात आणि प्रत्येक भोवरा चिमणीला आळीपाळीने बाजूला ओढतो. त्या ओढण्याची लय चिमणीच्या स्वतःच्या झुलण्याशी जुळली की संपलं. जुळणीचा वेग काढणं पोरखेळ आहे: V = 5 × f × D, इथे f म्हणजे झुलण्याची लय आणि D म्हणजे व्यास. आपली चिमणी सेकंदाला साधारण 1.1 वेळा झुलते. म्हणजे V झाला सेकंदाला 5.5 मीटर, ताशी 20 किलोमीटर.

हा वेग ओळखीचा वाटला ना? ही तर दुपारी बंगालच्या उपसागरावरून येणारी सुखद झुळूक! वादळाशी कुस्ती खेळायला निघालेला पहिलवान पंख्याच्या वाऱ्याने डुलतोय.

यावर महाशयांचा रामबाण: ‘पत्रा जाड करू.’ करा की! जाडी दुप्पट केली की ताठपणा दुप्पट आणि वजनही दुप्पट. झुलण्याची लय जवळजवळ तीच. हेलकावा थोडा आवरतो, कारण जड वस्तू हलवायला भोवरे अपुरे पडतात. पण घातक वेग जागच्या जागी. तो हलवायचा तर व्यास वाढवा किंवा उंची घटवा. उंची प्रदूषणाच्या नियमाने बांधलेली, म्हणून ती घटत नाही. व्यास वाढवायला पैसे लागतात, म्हणून तो वाढत नाही.

मग वरच्या तिसऱ्या हिश्शावर तीन मळसूत्री पट्ट्या गुंडाळतात. प्रत्येकीची रुंदी व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, वळसा पाच व्यासांचा. भोवऱ्यांची शिस्त मोडते, उत्तम! मात्र पट्ट्यांमुळे वाऱ्याचा रेटाही वाढतो. म्हणजे ज्या वादळाच्या हिशोबावर एवढी शेखी मिरवली, तोच हिशोब नव्याने मांडायला हवा. मांडतो कोण?

एकदा लय जुळली की चार तासांच्या वाऱ्यात सुमारे सोळा हजार हेलकावे. पायथ्याचं वेल्डिंग ते मोजत असतं, सल्लागार मोजत नाही. शेजारच्या तरमणीत एसईआरसीकडे वाऱ्याचा बोगदा आहे, पण विचारायला जावं तर अब्रू जाते ना!

दुपारी चार वाजता खाली उभे राहा. धूर पश्चिमेकडे जातोय आणि चिमणी मात्र उत्तर-दक्षिण झुलतेय? घड्याळ लावा. नऊ सेकंदांत दहा हेलकावे भरले, तर त्याच दिवशी पायथ्याचं वेल्डिंग आणि बोल्ट तपासायला माणूस बोलवा.